कॉपी झाली, पण जशीच्या तशी झाली का?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एखाद्या स्टुडिओची सीझनमधली रात्र कशी असते? हळद, सीमांतपूजन, लग्न आणि रिसेप्शन मिळून तीन कार्डं भरलेली असतात, म्हणजे साडेतीनशे जीबीच्या आसपास फुटेज. ते एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकायचं, फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला की कार्डं फॉरमॅट करून मोकळी करायची, कारण सकाळी दुसरं लग्न उभं असतं. पण संख्या जुळली, आकार शेवटच्या बाइटपर्यंत जुळला, तरी एखाद्या फाइलीच्या पोटात काहीतरी बदललेलं असू शकतं. त्यावर ना कुठली एरर येते, ना लाल खूण.

कारण साधं आहे. आपण फोल्डर ओढून टाकतो तेव्हा विंडोज कार्डावरून वाचतं, ते रॅममध्ये ठेवतं आणि डिस्कला लिहायला देतं. डिस्क म्हणाली ‘लिहिलं’, की काम संपलं. लिहिलेलं परत वाचून कोणी ताडून बघत नाही. यूएसबीच्या वायरीतून जाताना डेटावर तपासणी असते, त्यामुळे वायरीतली गडबड बहुतेक वेळा तिथंच पकडली जाते आणि तो तुकडा पुन्हा पाठवला जातो. खरा धोका असतो तो दोन तपासण्यांच्या मधल्या जागांत: खराब झालेली रॅम, डिस्कच्या डबीतली यूएसबी जोडणारी चिप, खुद्द डिस्कचं फर्मवेअर. शिवाय एक्स्टर्नल डिस्कवर सहसा असणारी exFAT किंवा NTFS ही रचना फाइलीतल्या मजकुराची कसलीही खूण जपत नाही. त्यामुळे पुढे कधी विचारलं, तरी डिस्कला सांगता येत नाही की ही फाइल बदलली आहे.

हे किती वेळा घडतं? जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत 2007 साली ते मोजून पाहिलं गेलं. तीन हजारांहून अधिक संगणकांवर दर दोन तासांनी 2 जीबीची एक ठरावीक फाइल लिहायची आणि परत वाचून ताडायची. पाच आठवड्यांत सुमारे शंभर संगणकांवर पाचशेच्या आसपास चुका सापडल्या. बहुतेक चुका एखाद्या बिटाच्या नव्हत्या. 64 केबीचे अख्खे तुकडेच बिघडलेले होते.

सेकंदाला 100 मेगाबिटनं चित्रित केलेल्या व्हिडिओत 64 केबी म्हणजे सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग. मग बिघडलं कुठं? व्हिडिओत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे पूर्ण साठवलेल्या फ्रेममध्ये डाग पडला, की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत तो पसरत राहतो आणि नेमक्या अंतरपाट दूर होतानाच्या क्षणी चेहऱ्यांचे चौकोन होतात. तोच तुकडा MP4 फाइलीच्या अनुक्रमणिकेत पडला, तर अख्खी क्लिप उघडतच नाही. चार-दोन क्लिप उघडून पहिली काही सेकंदं बघणं, ही आपली नेहमीची ‘खात्री’, यातलं काहीही पकडत नाही.

चेकसम ते पकडतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा असाच चेकसम आहे: आधीच्या अकरा अंकांवरून तो काढलेला असतो, म्हणून एक अंक चुकीचा टाकला तर हिशेब जुळत नाही. SHA-256 या पद्धतीत पूर्ण फाइल वाचून 64 अक्षरांचा एक आकडा निघतो. फाइल 4 जीबीची असो वा 4 केबीची, लांबी तेवढीच. फाइलीतला एक बिट बदलला तरी आकडा ओळखूच येऊ नये इतका बदलतो. MD5 ही जुनी पद्धत सुरक्षेच्या कामातून बाद झाली आहे, कारण मुद्दाम फसवणारी जोडी तयार करता येते; पण अपघातानं झालेला बिघाड पकडायला तीही पुरते. कोणती वापरायची यावर वाद घालण्यात अर्थ नाही. साध्या हार्ड डिस्कवर वेळ जातो तो वाचण्यात, हिशेबात नाही.

महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: आकडे कशावरून काढायचे? कार्डावरून, थेट. लॅपटॉपवरच्या कॉपीवरून काढले आणि ती कॉपीच बिघडलेली असली, तर यादी इमानदारीनं बिघाडालाच प्रमाण मानेल. समजा कार्ड E: वर आहे आणि एक्स्टर्नल डिस्क F: वर. पॉवरशेल उघडून कार्डाची यादी बनवायची:

```
Get-FileHash E:\PRIVATE\M4ROOT\CLIP\*.MP4 | Export-Csv D:\card.csv
```

मग कॉपी करायची. त्यानंतर मात्र लगेच तपासायला बसू नये. नुकत्याच लिहिलेल्या फाइली विंडोज रॅममध्ये धरून ठेवतं, आणि विचारलं की डिस्ककडे न जाता तिथूनच उत्तर देतं. साडेतीनशे जीबीतला सुरुवातीचा भाग रॅममधून केव्हाच बाहेर गेलेला असतो, पण शेवटच्या काही फाइलींची तपासणी लुटुपुटूची ठरते. म्हणून डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून वायर काढायची, पुन्हा जोडायची आणि मग:

```
$card = Import-Csv D:\card.csv
$disk = Get-FileHash F:\Lagna\*.MP4
Compare-Object $card $disk -Property Hash -PassThru |
  Select-Object Path, SideIndicator
```

सगळं जुळलं तर पडद्यावर काहीच येत नाही. सेकंदाला 120 एमबी वाचणाऱ्या डिस्कला साडेतीनशे जीबीसाठी पाऊण तासाहून थोडं अधिक लागतं. कमांड नको असतील त्यांच्यासाठी टेराकॉपीसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘व्हेरिफाय’ची सोय असते.

आता समजा, C0137.MP4 ही फाइल पडद्यावर दोनदा आली: एकदा कार्डाच्या बाजूनं, एकदा डिस्कच्या. चूक नेमकी कुणाची? घाईनं पुन्हा कॉपी करण्याआधी याच एका फाइलीचा आकडा दोन्हीकडून पुन्हा दोन-दोनदा काढावा. कार्डाचा दर वेळी यादीतलाच आला आणि डिस्कचा दर वेळी तोच चुकीचा आला, तर बिघाड डिस्कवर लिहिला गेलेला आहे. ती फाइल पुन्हा कॉपी करून पुन्हा तपासली की भागलं. पण एकाच फाइलीचा आकडा दर वेळी निराळा येत असेल, तर फाइल बाजूला राहू द्या. वाचण्याचा रस्ताच बिघडला आहे. वायर आणि पोर्ट बदलून बघावं, तरी तेच झालं तर मेमटेस्ट86 लावून रॅम तपासावी. अशा संगणकावरून तोवर काहीच कॉपी करू नये, कारण आजवर त्यावरून गेलेलं सगळंच संशयात येतं.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ‘2 टीबी’च्या नकली डिस्कही यात उघड्या पडतात. त्यांची खरी क्षमता थोडीच असते, आणि ती संपली की त्या जुन्यावरच लिहीत सुटतात. नावं आणि आकार शेवटपर्यंत शाबूत दिसतात. आकडे मात्र एकामागून एक ढासळतात.

चेकसम बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. कॅमेऱ्यानं कार्डावरच चुकीचं लिहिलं असेल तर तेही त्याला कळत नाही. दुरुस्तीसाठी दुसरी चांगली प्रत लागते, म्हणून कार्ड फॉरमॅट होण्याआधी दुसऱ्या डिस्कवरची प्रतही याच यादीशी ताडून घ्यावी. यादी काही केबींचीच असते. ती दोन्ही डिस्कवर व्हिडिओंच्या फोल्डरशेजारी ठेवावी. वर्षभरानं अल्बमवाल्यांचा किंवा नवरा-नवरीचा फोन आला आणि एका डिस्कवरच्या फाइलीबद्दल शंका वाटली, तर दोनांपैकी कोणती प्रत खरी, ते कार्ड हाताशी नसतानाही सांगता येतं.