बोलून पाठवू का?

डेटिंग अ‍ॅपवर ओळख झाली, गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या. तिने लिहिलं, 'झाला एकदाचा इंटरव्ह्यू.' त्याची वीस सेकंदांची व्हॉइस नोट आली: 'मग? काय काय विचारलं?' मागे कुकरची शिट्टी. तिला ती आवडली. विषय तिचा होता, आवाजात उत्सुकता होती आणि उत्तर टाइप करूनही देता येत होतं.

चार दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचीच पाच मिनिटांची नोट आली, जुन्या ब्रेकअपबद्दल. खोलीत दोन मैत्रिणी झोपलेल्या, इयरफोन सापडेना. मजकूर नजरेखालून घालता येतो. आवाज मात्र अथपासून इतिपर्यंत ऐकावा लागतो. 2021पासून दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे, पण कुणाचं दुःख असं पळवत ऐकवत नाही. शिवाय नोट ऐकली की माइक निळा होतो आणि लगेच उत्तर द्यायचं दडपण येतं. त्यात 'ऐकलीस का?' असा मेसेज आला की तो तगादाच वाटतो.

माझ्या मते, मोठं बोलायचं तर आधी 'बोलून पाठवू का?' विचारावं. आणि समोरची व्यक्ती प्रत्येक नोटेला दोन शब्द टाइप करत असेल, तर आपणही टाइपच करावं.