मुलाने मनातले सांगितल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे

आपल्याला आपल्याच लिंगाच्या व्यक्तीचे आकर्षण वाटते, किंवा सगळे मुलगी म्हणत असले तरी आपण आतून मुलगा आहोत, असे एखादे किशोरवयीन मूल घरी सांगते, तेव्हा त्या एका वाक्यामागे बहुधा कित्येक महिन्यांची तयारी असते. शब्द जुळवलेले असतात, वेळ निवडलेली असते, आधी आईला की बाबांना हेही ठरलेले असते. ऐकणाऱ्याला मात्र तयारीला क्षणभरही मिळत नाही. पहिले संभाषण बिघडते ते बहुतेकदा इथेच, कारण मूल जिथे वर्षभरात पोचले तिथे पालक पाच मिनिटांत पोचू पाहतात.

समजा, अकरावीतली मुलगी रात्री ओटा आवरणाऱ्या आईला म्हणते, "आई, मला मुली आवडतात. नुसत्या मैत्रिणी म्हणून नाही." आईच्या तोंडून चटकन प्रश्न निघतो: "कुणी भरवलं हे डोक्यात?" किंवा "तुला नक्की माहीत आहे का?" आईच्या मनात काळजी असते, पण मुलीच्या कानांना ती उलटतपासणी वाटते. मुलगे आवडणाऱ्या मुलीला असे पुरावे कोणी मागत नाही. मग ही मुलगी "जाऊ दे, मस्करी केली" म्हणून खोलीत जाते. आईला हायसे वाटते, पण हे संभाषण फिसकटल्याचे सर्वांत स्पष्ट लक्षण आहे. विषय संपलेला नसतो. मुलगी तो पुन्हा एकटीच वागवू लागलेली असते.

त्याऐवजी आईने हातातले फडके ठेवून खाली बसावे आणि एवढेच म्हणावे: "बरं झालं मला सांगितलंस. मला हे नवीन आहे, समजायला वेळ लागेल. पण तू माझीच आहेस." यात सगळे कळल्याचा आव नाही, आणि तो नसणेच चांगले, कारण या वयाची मुले खोटा समजूतदारपणा लगेच ओळखतात. रडू आले तर लपवू नये, फक्त ते कशामुळे आले ते सांगावे, नाहीतर मुलगी ते स्वतःच्या माथी घेते. नंतर "किती दिवस मनात होतं हे?" असे विचारले की ती बोलू लागते. शाळा-कॉलेजात कोणी त्रास देते का, हेही विचारावे. ती फार खचलेली दिसली, तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटे सोडू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.

लिंगभावाची गोष्ट असेल तर मराठी घरात ती क्रियापदापाशीच सुरू होते. "मी जाते" म्हणणारे मूल "मी जातो" म्हणू लागते. डॉक्टर, औषधे, शस्त्रक्रिया यांपैकी काहीही त्या रात्री ठरवायचे नसते. "घरात तुला काय म्हणून हाक मारू? आणि आजीसमोर?" हा प्रश्न त्या रात्रीपुरता पुरतो.

आजीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. मुलाने एका माणसाला सांगितलेले असते, कुटुंबाला नाही. विश्वासाने मावशीला केलेला एक फोनही ही गोष्ट मुलाच्या हातातून काढून घेतो. "बाबांना तू सांगशील, की मी? की इतक्यात नको?" हे विचारूनच पुढे जावे.

दुसरी घाई डॉक्टरांची. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये तो आजार नसल्याचे जाहीरपणे सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ताण, झोप, भीती यांसाठी समुपदेशकाची मदत जरूर घ्यावी, पण "बदलून देतो" म्हणणाऱ्याकडे मुलाला नेऊ नये.

पहिली रात्र आरडाओरड्यात गेली असली तरी सगळे हातचे जात नाही. अमेरिकेत केटलिन रायन यांच्या 2009 मधल्या अभ्यासात, घरातून तीव्र नकार सोसलेल्या तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, नकार फारसा न सोसलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. मधल्या पातळीचा नकार सोसलेले या दोन टोकांच्या मध्ये होते. म्हणजे पालकांना सगळे पटलेले नसले, तरी नकाराची धार कमी होण्यालाही अर्थ आहे. ओरडलेल्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी स्वतः मुलाच्या खोलीत जावे, "काल मी चुकीचं बोललो" म्हणून नेमके कोणते वाक्य मागे घेतो ते सांगावे, आणि राहिलेले ऐकून घ्यावे. स्वतःच्या मनातली भीती आणि लग्नाचे प्रश्न त्यांनी मुलापुढे मांडू नयेत. त्यासाठी याच वाटेने गेलेले दुसरे पालक गाठावेत. मुंबईत सुरू झालेला 'स्वीकार' हा अशाच पालकांचा गट आहे.