पार्सल पोस्टाचं, पण पाठवणारा कोण? पैसे देण्याआधी चिठ्ठी वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, जिवती या भागात बऱ्याच गावांत मागवलेला माल पोस्टमनच्याच हातून घरी येतो. पोस्टावर लोकांचा भरवसा आहे आणि भामटे नेमका तोच वापरतात. एप्रिल २०२२ मध्ये भारतीय डाक विभागाने जाहीर इशारा दिला होता. पोस्टाच्या नावाने सर्वे, प्रश्नमंजुषा किंवा अनुदानाचं आमिष दाखवणाऱ्या लिंक फिरत आहेत, त्या आमच्या नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. २०२४ मध्ये नवा मेसेज फिरला : "तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर दुरुस्त करा." असे मेसेज पोस्ट पाठवत नाही, असं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तेव्हा सांगितलं. ती लिंक उघडली की पुढे थोडे पैसे भरायला सांगतात आणि तिथेच कार्डाची माहिती काढून घेतात.

खरं पार्सल, खोटं दुकान

दुसरा प्रकार ओळखायला कठीण आहे, कारण त्यात पार्सल खरंच येतं. समजा, एका शेतकऱ्याने फेसबुकवर नावाजलेल्या कंपनीचा बॅटरीवाला फवारणी पंप ९९९ रुपयांत पाहिला. बाजारात तोच पंप दुपटीहून महाग आहे. "पैसे माल मिळाल्यावर" असं लिहिलेलं असल्याने त्याने नाव-पत्ता भरला. आठवड्याने पार्सल आलं, पैसे दिले, खोकं फोडलं तर आत प्लास्टिकचा हातपंप. इथे पोस्टमनची चूक नाही. पैसे घेतल्याशिवाय त्याला पार्सल देता येत नाही आणि आत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. जमा झालेली रक्कम पुढे पाठवणाऱ्याला जाते.

म्हणून तपास दोन वेळा करायचा. पहिला ऑर्डर देण्याआधी. फेसबुक पेजच्या माहितीत Page transparency असतं. पेज कधी सुरू झालं आणि आधी त्याचं नाव काय होतं, हे तिथे दिसतं. जुन्या कंपनीचं पेज दोन महिन्यांपूर्वीचं असेल किंवा आधी ते विनोदी व्हिडिओचं पेज असेल, तर समजून घ्यावं. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवलंच पाहिजे, असा २०२० चा ई-कॉमर्स नियम आहे. नुसता व्हॉट्सअॅप नंबर असेल तर तिथून घेऊ नये.

दुसरा तपास दारात. पैसे देण्याआधी पार्सलवरची चिठ्ठी वाचा. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता कंपनीचा आहे की भलत्याच कुणाचा? शंका आली किंवा घरात कुणी मागवलंच नसेल, तर "नको, परत पाठवा" म्हणा. पार्सल नाकारलं म्हणून घेणाऱ्याला काही भरावं लागत नाही. घेतलंच तर खोकं फोडताना चिठ्ठी दिसेल असा सलग व्हिडिओ काढा.

खरी लूट परताव्यात

९९९ रुपये गेले की माणूस गुगलवर "कस्टमर केअर" शोधतो. तिथे भामट्यांनीच टाकलेले नंबर असतात. समोरचा गोड बोलून एक अॅप टाकायला लावतो किंवा यूपीआय पिन मागतो आणि मग खातंच साफ होतं. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. कंपनीचा नंबर जुन्या बिलावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा मालाच्या खोक्यावरूनच घ्यावा.

कुठे विचारायचं, कुठे तक्रार करायची

पोस्टाच्या पार्सलचा नंबर १३ अक्षरांचा असतो : आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी IN. तो www.indiapost.gov.in वर टाकून पाहा, किंवा १८०० २६६ ६८६८ या मोफत नंबरवर विचारा. ते नाही जमलं तर गावच्या शाखा डाकघरात जा.

मोबाईलवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंतच ती थांबवता येते, म्हणून इथे उशीर नको. रोख दिलेल्या पैशाला मात्र असं थांबवता येत नाही. त्यासाठी त्याच दिवशी पोस्टात किंवा कुरिअरवाल्याकडे लेखी तक्रार द्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. विक्रेत्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणं बंधनकारक आहे, पण पत्ताच खोटा असेल तर हा नियम कामी येत नाही. तेव्हा पोलिसांत जावं लागतं आणि तिथे पुरावा म्हणून पार्सलवरची चिठ्ठीच लागते. खोकं फेकलं तरी चालेल, चिठ्ठी फाडू नका.