हर्निया आणि आपण : जांघेतली गाठ आत जाईनाशी झाली तर

या आठवड्यात जाळीच्या ऑपरेशनबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण कऱ्हाडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि जाळी पुढच्या लेखावर ढकलली. त्यांच्या यजमानांच्या उजव्या जांघेत पाच वर्षं फुगवटा आहे. खोकलं किंवा खताचं पोतं उचललं की तो वर येतो, आडवं झालं की आपोआप जातो. कधी दुखला नाही. मागच्या आठवड्यात मात्र तासभर आत जाईना आणि चांगलाच दुखला. मग गेला. ‘आता काहीच त्रास नाही. सुगी संपेपर्यंत थांबलं तर चालेल का?’

मागच्या आठवड्यापर्यंत चाललं असतं, आता नाही. न दुखणारा, सहज आत जाणारा हर्निया असलेल्या पुरुषांना डॉक्टरांच्या नजरेखाली थांबता येतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा थांबलेल्या पुरुषांपैकी वर्षाला हजारी दोघांहून कमी जणांचा हर्निया अचानक अडकला. पण एकदा अडकून दुखलेला हर्निया या हिशेबात बसत नाही. तो पुन्हा अडकू शकतो, म्हणून याच आठवड्यात सर्जनला दाखवायला हवं.

अडकल्यावर आत काय होतं? पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आतड्याचं वेटोळं बाहेर येतं. त्यात वायू आणि पाणी साठून ते फुगतं, आणि ज्या वाटेनं आलं ती वाट त्याला अपुरी पडते. पातळ भिंतीच्या शिरा आधी दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं, पण परत जाऊ शकत नाही. आतडं सुजतं, फास आणखी आवळतो आणि शेवटी रक्त येणंही बंद होतं. तिथून पुढे आतडं वाचवायला हातात काही तासच असतात.

हे बाहेरून ओळखता येतं. एरवी गाठीवर हात ठेवून खोकलं की हाताला धक्का जाणवतो. अडकलेल्या गाठीत तो जाणवत नाही. गाठ टणक होते, हात लावू देत नाही, आडवं झालं तरी जात नाही. दुखणं थांबत नाही, वाढतच जातं. मग मळमळ, उलट्या, पोट फुगणं, वायू न सरणं, गाठीवरची कातडी लाल होणं. यातल्या सगळ्यांची वाट बघू नका. गाठ आत जात नाही आणि दुखते आहे, एवढंच पुरेसं आहे.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यात जांघेच्या घडीच्या खाली येणारा हर्निया पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. त्याचं तोंड अरुंद असतं, म्हणून तो लवकर अडकतो आणि गाठ लहान असल्यानं नजरेतून सुटतो. एका सत्तरीच्या आजींना दोन दिवस उलट्या होत होत्या. पित्ताची औषधं आणि सलाईन झालं होतं. दुखतं कुठे, तर बेंबीभोवती. नऊवारीची गाठ सैल करून जांघ पाहिली, तर घडीच्या खाली सुपारीएवढी टणक गाठ. ‘ती जुनीच आहे हो,’ आजी म्हणाल्या. थोडा वायू सरत होता, म्हणून घरचे निर्धास्त होते.

ऑपरेशनमध्ये दिसलं की आतड्याच्या भिंतीचा फक्त एक भाग फासात सापडला होता. उरलेली वाट उघडी, म्हणून वायू सरत होता. जर्मन सर्जन रिश्टर यांनी अठराव्या शतकातच या प्रकाराचं वर्णन करून ठेवलं आहे. फास सोडवला, आतड्यावर कोमट सलाईनमध्ये भिजवलेलं कापड ठेवलं आणि काही मिनिटं थांबलो. जिवंत आतडं पुन्हा गुलाबी होतं, हलतं. हा तुकडा काळपटच राहिला. तो काढून टोकं जोडावी लागली. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या, पण पहिल्याच दिवशी जांघ पाहिली असती तर बहुधा आतडं कापावं लागलं नसतं.

गाठ अडकली तर ती जोरानं आत ढकलू नका. मेलेलं आतडं पोटात गेलं तर विष आत पसरतं आणि बाहेरून काही दिसत नाही. चोळणं, शेक, पट्टा आवळणं नको. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. गाठ तशीच असताना दुखणं एकाएकी थांबलं तर तो बरं वाटल्याचा पुरावा धरू नका. आतडं फुटल्यावरही काही वेळ असं होतं.

तेव्हा ताई, सुगी दुसरं कोणी काढेल, यजमानांना या आठवड्यात सर्जनकडे न्या. त्याआधी गाठ पुन्हा अडकली तर सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी, जिथे ऑपरेशनची सोय आहे अशा दवाखान्यात थेट जा. आणि घरातल्या वयस्कर बाईला उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांना जांघ बघायला आवर्जून सांगा.