कर्णाचे माप

तारेवर पंचम 2/3 लांबीवर, मध्यम 3/4 वर. हे शिकताना शिष्याने विचारले, “गुरुजी, एक हात बाजूच्या चौरसाचा कर्णही असाच अपूर्णांक असेल ना?”

“असे समज की तो प/फ आहे, संक्षेप पुरा झालेला. कर्णाचा वर्ग दोन. मग?”

“प चा वर्ग फ च्या वर्गाच्या दुप्पट. म्हणजे प सम. विषमाचा वर्ग विषमच येतो.”

“तर प म्हणजे दोन म.”

“मग फ चा वर्ग म च्या वर्गाच्या दुप्पट. अहो, फ सुद्धा सम! दोघांनाही दोनाने भाग जातो. मग संक्षेप पुरा कुठे झाला?”

“म्हणूनच असा अपूर्णांक नाही.”

7/5 घेतला तर 49, हवेत 50; 17/12 घेतला तर 289, हवेत 288. जवळ जाता येते, पोहोचता येत नाही.