रजा नाकारताना 'नाही'च्या पुढे काय लिहावे?

भिवंडी, प्रतिनिधी

यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीच्या भोवती माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांतून गोदामांचे मोठे जाळे पसरले आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ या गोदामांच्या धावपळीचा, आणि कोकणातून आलेल्या कामगाराच्या दृष्टीने गावी जाण्याचाही. रजेचे अर्ज एकाच आठवड्यात येऊन पडतात आणि काहींना नकार देणे व्यवस्थापकाला भाग पडते. हा नकार कोणत्या शब्दांत दिला जातो, यावर पुढची बरीच कटुता टळते किंवा वाढते.

नेहमीचे उत्तर असे असते: 'कामाच्या निकडीमुळे आपली रजा मंजूर करता येत नाही.' हे वाक्य खोटे नसते, पण त्यातून कामगाराला काहीच कळत नाही. कोणते काम, किती दिवस, मग रजा केव्हा, हे प्रश्न तसेच राहतात. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याची रजा मंजूर झाली असेल, तर त्याला ते उत्तर पक्षपाताचेच वाटते.

उदाहरणादाखल एका गोदामाचा माल रवानगी विभाग घेऊ. विभागात २४ माणसे आहेत. त्यांपैकी ६ जण एकाच वेळी रजेवर गेले तरी संध्याकाळचे ट्रक वेळेवर सुटतात, त्याहून अधिक गेले तर नाही. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. एका कामगाराने १२ ते २१ सप्टेंबर अशी दहा दिवसांची रजा मागितली. तोपर्यंत १२ ते १६ या दिवसांसाठी पाच जणांच्या रजा मंजूर झाल्या होत्या आणि १७ पासून सणाचा माल उतरवण्यास सुरुवात होणार होती. अशा वेळी पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

'आपला १२ ते २१ सप्टेंबरच्या रजेचा अर्ज मिळाला. गणपतीसाठी गावी जाण्याची आपली इच्छा ध्यानात घेऊन १२ ते १६ सप्टेंबर हे पाच दिवस मंजूर करीत आहोत. १७ ते २१ या दिवसांत सणाचा माल उतरवायचा असून विभागातील सर्वांची गरज आहे, म्हणून या पाच दिवसांची रजा पुढे ढकलावी लागत आहे. ती आपण १६ नोव्हेंबरपासून सलग घेऊ शकता. तारखा आजच राखून ठेवल्या आहेत. किंवा १७ ते २१ मध्ये आपले काम सांभाळण्यास अन्य पाळीतील सहकारी तयार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे, त्याप्रमाणे फेरविचार करू. ही रजा आपल्या खात्यावर कायम राहील.'

या पत्रात मंजूर झालेला भाग आधी येतो. सणाचा मुख्य दिवस हाती लागल्याने उरलेला नकार पचवणे सोपे जाते. कारण आकडे व तारखांसह दिलेले असल्याने ते पडताळून पाहता येते. पर्यायही 'नंतर पाहू' असा मोघम नसून, त्याला तारीख आहे. मात्र दिलेली तारीख नोव्हेंबरमध्ये पुन्हा मोडली, तर पुढच्या वर्षी त्या पत्रावर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून पाळता येईल तेवढेच लिहावे.

उत्तराची वेळही शब्दांइतकीच महत्त्वाची. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. १२ सप्टेंबरच्या प्रवासासाठी ते जुलैच्या मध्यावरच सुरू होते आणि गणपतीच्या गाड्या पाहता पाहता भरतात. तिकीट काढून झाल्यावर ऑगस्टअखेर आलेला नकार कितीही सौम्य असला तरी कामगाराचे नुकसान करतोच. अर्ज आल्यापासून दोन-तीन दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

कायद्याची बाजूही विसरता कामा नये. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही रजा नाकारली, तर ४५ दिवसांवरील रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. त्यामुळे अर्जाची तारीख आणि नकाराचे कारण कागदावर असणे दोघांच्याही हिताचे ठरते.

हा मसुदा अर्थातच ठरवून घेतलेल्या रजेपुरता आहे. आजारपण किंवा घरातील मृत्यू पुढे ढकलता येत नाही. मातृत्व रजेचा प्रश्न तर व्यवस्थापकाच्या मर्जीवर नसतोच. तेथे पर्याय सुचवणारे पत्र लिहिण्याऐवजी बदली माणूस शोधणे हेच व्यवस्थापकाचे काम असते.