मुंगसाला नागाचं विष चढत नाही?

नागाशी झुंजण्याआधी मुंगूस कसलीशी मुळी चघळतं, म्हणून त्याला विष चढत नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात चिकूच्या वाडीत, भाताच्या खळ्यावर सापाचा विषय निघाला की ही मुळी येतेच. ती कोणत्या झाडाची, यावर मात्र एकमत नाही. कुणी सापसंद म्हणतं, कुणी सर्पगंधा, कुणी म्हणतं ती मुंगसालाच ठाऊक, माणसाला सापडत नाही.

ही समजूत जुनी आहे आणि निव्वळ अडाण्यांची तर अजिबात नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात सिलोनमधल्या सर्पविषावरच्या लाकडाची माहिती देताना मुंगसाची ही गोष्ट नोंदवली. पुढे १७५३ मध्ये लिनियसने एका वनस्पतीला थेट मुंगसाचंच नाव दिलं, ‘ऑफिओऱ्हायझा मुंगोस’. मोठमोठ्या पंडितांनी लिहून ठेवल्यावर गोष्ट पक्की होणारच. पण वनस्पतीचं कसलंही तोंडीलावणं न देता पिंजऱ्यात ठेवलेल्या मुंगसालाही विष टोचलं, तर ते इतर प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त सोसतं.

यावरचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. विषावरची लस तयार करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्वादलूप बेटावरून मुंगसं मागवली. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर विषारी साप नाहीत, आणि मुंगसं तिथे उसाच्या मळ्यातले उंदीर मारण्यासाठी नेलेली होती. म्हणजे या मुंगसांना सर्पदंशाचा अनुभव नव्हता. तरीही सशाला मारणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट विष त्यांनी पचवलं. ‘लहानपणापासून थोडेथोडे दंश खाऊन मुंगसाला सवय होते’ ही दुसरी समजूत इथेच निकालात निघाली. ताकद उपजत होती. मात्रा आणखी वाढवत नेल्यावर मात्र तीच मुंगसं मेली. प्रयोगाचा हा दुसरा अर्धा भाग सहसा कुणी सांगत नाही.

मग विष अडतं कुठे?

आपण हात उचलतो किंवा छाती फुगवून श्वास घेतो, तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. तो निरोप मिळाला की स्नायू आकसतो. नागाच्या विषातलं चेताविष याच जागेवर डोळा ठेवून असतं. ते रिसेप्टरमध्ये जाऊन बसतं आणि ॲसिटिलकोलीनला शिरू देत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकून राहावी, तसं. आधी पापण्या जड होतात, मग जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. नागाचा दंश झालेला माणूस बहुधा श्वास बंद पडून दगावतो, तो असा.

मुंगसात बदल झालाय तो कुलपातच. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजिप्शियन मुंगसाच्या रिसेप्टरचा नेमका तो भाग तपासला आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा रिसेप्टर म्हणजे अमिनो आम्लांची ओवलेली साखळी. तिच्यातल्या १८७ व्या जागी मुंगसात ॲस्परॅजिन आहे आणि त्यावर साखरेचा एक फांदीदार रेणू लटकलेला असतो. चेताविषाचा रेणू अवजड, त्याला या साखरेच्या अडथळ्यातून आत सरकता येत नाही. पुढे १९४ आणि १९७ या जागांवर बहुतेक प्राण्यांत दिसणारी प्रोलिनं मुंगसात नाहीत, त्यामुळे विषाला पकडायला खाच उरत नाही. ॲसिटिलकोलीन मात्र इवलंसं. ते सहज आत जातं आणि स्नायूचं काम सुरू राहतं. गंमत म्हणजे खुद्द नागाच्या रिसेप्टरवरही अशीच साखर सापडते. आपल्याच विषाने त्याला लकवा होत नाही, त्याचं एक कारण हेच.

हा अभ्यास इजिप्तच्या मुंगसाचा आहे. आपल्याकडे बांधावरून तुरुतुरु पळताना दिसतं ते करडं मुंगूस त्याच कुळातलं, पण वेगळ्या जातीचं.

‘मुंगसाचं रक्त उतारा म्हणून चालतं’

रिसेप्टर स्नायूत असतो हे कळल्यावर या समजुतीचं उत्तर आपोआप मिळतं. मुंगसाची नागाविरुद्धची मुख्य ढाल रक्तात वाहत नाही. ती त्याच्या स्नायूंच्या घडणीत आहे. रक्त पाजून, मांस खाऊ घालून किंवा केस जाळून धुरी देऊन ती माणसाला देता येणार नाही. मुंगसाच्या रक्तात रक्तस्राव घडवणाऱ्या काही विषांना रोखणारी प्रथिनं सापडली आहेत हे खरं, पण ती घोणस-फुरशाच्या जातकुळीच्या विषाविरुद्ध, आणि तीही प्यायल्याने पोटातच पचून जाणार.

घोड्याचं वेगळं. घोड्याला विषाच्या छोट्या मात्रा टोचल्या की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, आणि ती काढून दुसऱ्याला देता येतात. आपल्या दवाखान्यांत मिळणारी सर्पदंशाची लस अशीच बनते, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालते. तिचा एक मिलिलिटर नागाचं सुमारे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. सुरुवातीला दहा कुप्या लावतात. प्रत्येकी १० मिलिलिटर धरले तर १०० मिलिलिटर लस झाली, म्हणजे ६० मिलिग्रॅम विषाचा बंदोबस्त. नागाच्या दंशात जोडीला निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन ही इंजेक्शनंही देतात. निओस्टिग्मिनमुळे ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं आणि रिसेप्टरवरच्या जागेसाठी विषाशी झगडतं. लढाई त्याच कुलपाची, फक्त माणसाला ती बाहेरून औषध घेऊन लढावी लागते.

डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या संस्थेने सर्पदंशाबद्दलच्या समजुतींचा अभ्यास केला. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चिंचोके किंवा लोहचुंबक विष ओढून घेतात, असं मानणारे लोक त्यात भेटले. चिंचोका जखमेला चिकटतो, कारण ओल लागली की तो चिकट होतो. विष तोपर्यंत केव्हाच आत पसरायला लागलेलं असतं. भगताकडे नेलेला माणूस बरा झाल्याची उदाहरणं सगळ्यांकडे असतात आणि ती खोटी नसतात. साप बिनविषारी असेल, किंवा नागाने दात रुतवूनही विष सोडलं नसेल, तर माणूस काहीही न करता बरा होणारच. नागाचं चेताविष चढू लागल्याची खूण पापण्यांवर दिसते. डोळे मिटायला लागले, बोलणं जड झालं, की उतारा शोधण्यात घालवलेली अर्धी घटकासुद्धा महागात पडते. डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, यातलं जवळचं गाठायचं.

विष चढत नाही, तर मुंगूस अंग का चोरतं?

भात कापून झाल्यावर उघड्या पडलेल्या खाचरात अशी झुंज कधी दिसलीच, तर मुंगसाचे पाय बघावेत. ते सरळ नागावर झेप घेत नाही. केस पिंजारून दुप्पट दिसतं, शेपटी ब्रशासारखी फुलवतं, पुढे जातं, मागे उडी मारतं, पुन्हा कडेने येतं. नाग फणा काढून उभा असतो आणि वरून खाली हाणतो. फणा उभारलेल्या नागाचा वार घोणशीच्या झेपेइतका चपळ नसतो आणि फार लांब पोहोचत नाही. मुंगूस नेमकं त्या टप्प्याच्या बाहेर राहतं. नागाचे दात आखूड, जेमतेम काही मिलिमीटरचे. पिंजारलेल्या राठ केसांत त्यांचा वार बरेचदा फुकट जातो. असे चार-सहा वार रिकामे गेले की नाग दमतो, फणा खाली येतो, आणि त्याच क्षणी मुंगूस त्याचं डोकं धरून कवटी चावतं.

विषाची खरंच पर्वा नसती, तर हा सगळा नाच कशाला? मुंगसाच्या वागण्यातच उत्तर आहे. त्याचं संरक्षण मात्रेपुरतं असतं. मुंगूस एक-दीड किलोचं जनावर, आणि मोठ्या नागाने घट्ट धरून विष ओतलं तर मात्रा त्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. काल्मेतच्या मुंगसांचं तेच झालं.

दुसरं अधिक महत्त्वाचं. नागाच्या विषात चेताविष एकटं नसतं. त्यात पेशी फोडणारी विषंही भरपूर असतात. ती रिसेप्टरकडे फिरकतच नाहीत, पेशीच्या आवरणालाच भगदाड पाडतात. नागदंशात माणसाचा हातपाय सुजून काळा पडतो तो त्यांच्यामुळे. मुंगसाचं बदललेलं कुलूप इथे उपयोगाचं नाही. दंश नाकाडावर, ओठावर किंवा डोळ्याजवळ बसला, आणि समोरासमोरच्या झुंजीत तो बसतोही तिथेच, तर श्वास चालू राहील, पण मांस सडू शकतं, डोळा जाऊ शकतो, जखमेत जंतू शिरू शकतात. तोंडाने शिकार करणाऱ्या जनावराला सुजलेला जबडा म्हणजे उपासमार. म्हणून नाग फार मोठा असला तर मुंगूस पुष्कळदा नाद सोडून निघून जातं. गारुड्याच्या खेळात ते हमखास जिंकतं, कारण तिथल्या नागाचे दात बहुधा आधीच काढलेले असतात.

‘दारी मुंगूस, तर घरी साप नाही’

हे अर्धवट खरं आहे. मुंगसाच्या खाण्यात उंदीर, सरडे, किडे, अंडी यांचाच भरणा असतो, साप हा त्यातला अधूनमधूनचा पदार्थ. उंदीर कमी झाले तर सापांचं येणंही थोडं कमी होईल, एवढंच. जपानने १९१० मध्ये ओकिनावात आणि १९७९ मध्ये अमामी ओशिमा बेटावर हाबू नावाचा विषारी साप संपवायला मुंगसं सोडली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ क्वचितच पडली आणि मुंगसांनी तिथले दुर्मीळ ससे व पक्षी फस्त केले. अमामीवरची मुंगसं संपवायला पुढे कित्येक वर्षं गेली. तिथे एकही उरलं नसल्याचं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं.

आपल्याकडे तीच वेळेची अडचण मण्यारीची. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंश मुंगीएवढा, अनेकदा जागही येत नाही. तिच्या विषाचा मोठा भाग रिसेप्टरवर न बसता मज्जातंतूचं टोकच निकामी करतो, त्यामुळे निओस्टिग्मिनचाही तिच्यावर भरवसा धरता येत नाही. त्या वेळी मुंगूस बांधातल्या बिळात झोपलेलं असतं. मण्यारीपासून वाचवते ती खाट, आणि गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी.